नवा लॅपटॉप घेण्याआधी एकदा प्रॉक्सी करून बघा



व्यवसायासाठी स्वतःचे व्हिडिओ बनवायला सुरुवात केली की पहिले एक-दोन व्हिडिओ उत्साहात होतात, आणि मग एक प्रश्न हमखास येतो. "सर, मोबाइलवर ४केमध्ये शूट केलंय, पण लॅपटॉपवर एडिट करायला घेतलं की सगळं अडकत अडकत चालतं. नवीन लॅपटॉप घेऊ का? हप्त्यावर मिळतोय."

माझं मत आधीच सांगून टाकतो. बहुतेकांच्या बाबतीत उत्तर आहे, आत्ता नको. धंद्याच्या सुरुवातीला पन्नास-साठ हजारांचा हप्ता मागे लावून घेण्याआधी प्रॉक्सी नावाची पद्धत एकदा नीट बसवा. ती सगळ्या चांगल्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये असते, फुकटच्या सॉफ्टवेअरमध्येही असते, आणि तरीही आपल्याकडे फार कमी लोक ती वापरतात. पण ती कुठे उपयोगी पडते आणि कुठे पडत नाही, हेही माहीत हवं. म्हणून आज दोन्ही बाजू सांगतो.

लॅपटॉप नेमका कशामुळे अडकतो?

बरेच जण मला म्हणतात, "फाइल तर एवढी मोठी पण नाहीये, मग का अडकते?" गंमत अशी की फाइल लहान आहे, म्हणूनच ती जड जाते.

आजचे मोबाइल बहुधा एचईव्हीसी नावाच्या पद्धतीने व्हिडिओ साठवतात. मोबाइलच्या सेटिंगमध्ये ती HEVC किंवा High Efficiency अशा नावाने दिसते. या पद्धतीत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. अधूनमधून एक पूर्ण फ्रेम असते, आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त "आधीपेक्षा काय बदललं" एवढंच लिहिलेलं असतं.

दुकानाच्या रोजमेळाचं उदाहरण घ्या. रोज फक्त जमा आणि खर्च लिहिला, शिल्लक लिहिलीच नाही, तर वही पातळ राहते. पण १८ तारखेची शिल्लक कोणी विचारली, तर १ तारखेपासून बेरीज करत यावं लागतं. एडिटिंग करताना आपण नेमकं हेच लॅपटॉपकडून करून घेतो. टाइमलाइनवर कुठेही क्लिक केलं, की त्याला मागच्या पूर्ण फ्रेमपर्यंत जाऊन तिथून बेरीज करत यावं लागतं. त्यात ४केची एक फ्रेम म्हणजे ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख ठिपके, आणि अशा ३० फ्रेम एका सेकंदात! नवीन प्रोसेसरमध्ये या कामासाठी वेगळी सोय असते. जुन्यात ती नसते किंवा अपुरी असते, आणि काही वेळा सॉफ्टवेअर ती वापरतच नाही.

प्रॉक्सी म्हणजे त्याच व्हिडिओची एक हलकी प्रत. ती दोन अर्थांनी हलकी असते. एक, तिचा आकार लहान असतो. ४केऐवजी ९६० गुणिले ५४० केला, तर ठिपके सोळाव्या भागावर येतात. दुसरं, ती शक्यतो अशा पद्धतीने साठवायची की प्रत्येक फ्रेम पूर्ण असेल, म्हणजे वहीच्या प्रत्येक पानावर शिल्लक लिहिलेली. मग लॅपटॉपला मागे जावंच लागत नाही. एडिटिंग तुम्ही या प्रतीवर करता, आणि शेवटी व्हिडिओ बाहेर काढताना सॉफ्टवेअर आपोआप मूळ ४के फाइल वापरतं. क्वालिटी कुठेही जात नाही.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. प्रॉक्सी जागा वाचवण्यासाठी नसते. आयफोनवर ४के, ३० फ्रेम, High Efficiency असं शूट केलं, तर एका मिनिटाला साधारण १७० एमबी लागतात. त्याच व्हिडिओची १०८० आकाराची डीएनएक्सएचआर एलबी प्रकारातली प्रॉक्सी केली, तर मिनिटाला साधारण ३४० एमबी होते, म्हणजे मुळापेक्षा दुप्पट! तरीही ती मऊ चालते, कारण लॅपटॉपची डोकेफोड कमी होते.

आणि हा काही गरिबाचा जुगाड नाही बरं का. फिल्मच्या काळातही संपादक मूळ निगेटिव्हला कात्री लावत नसत. तिची एक प्रिंट काढायची, त्या प्रिंटवर सगळी काटछाट करायची, आणि शेवटी त्याबरहुकूम निगेटिव्ह कापायची, अशी रीत होती. आपणही तेच करतोय, फक्त फाइलवर.

आधी निदान, मग औषध

प्रॉक्सीने फायदा होईल की नाही हे पाच मिनिटांत कळतं. विंडोजमध्ये Ctrl, Shift आणि Esc एकत्र दाबा, Task Manager उघडेल. Performance वर जा. आता एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ती अडकणारी क्लिप चालवा आणि आकडे बघा.

CPU शंभराच्या आसपास चिकटून बसला असेल, तर तुमचा त्रास वर सांगितलेलाच आहे, आणि प्रॉक्सी हेच त्याचं औषध.

CPU निवांत आहे, पण Disk शंभरावर आहे, तर जुनी फिरणारी हार्ड डिस्क कमी पडतेय. प्रॉक्सीचा थोडा उपयोग होईल, पण खरा फरक एसएसडी बसवल्यावर पडेल. तो काही हजारांचा खर्च आहे, नव्या लॅपटॉपचा नाही.

Memory काठोकाठ भरलेली असेल, तर आधी ब्राउझरचे वीस टॅब बंद करा. तरीही भरलेलीच राहिली, तर रॅम वाढवता येते का ते दुकानात विचारा. ४ जीबी रॅमवर प्रॉक्सी करूनही फार सुखाचं काम होणार नाही, हे स्पष्ट सांगतो.

म्हणजे बघा, तीनपैकी एकाही उत्तरात "ताबडतोब नवा लॅपटॉप" नाही.

४के हवंच कशाला?

हा प्रश्न स्वतःला जरूर विचारा. तुमचा व्हिडिओ फक्त आडवा यूट्यूबवर जाणार असेल आणि बघणारे मोबाइलवर बघणार असतील, तर सरळ १०८० मध्ये शूट करा. प्रॉक्सीचा विषयच संपला.

पण एका कारणासाठी मी ४के सुचवतो. एकाच शूटमधून आडवा व्हिडिओ आणि उभं रील दोन्ही काढायचं असेल तर. आडव्या ४के फ्रेममधून उभा तुकडा कापला, तर तो १२१५ गुणिले २१६० मिळतो. रीलला लागतं १०८० गुणिले १९२०, म्हणजे पुरून उरतं. हेच आडव्या १०८० मधून कापलं, तर रुंदी जेमतेम ६०७ राहते आणि रील धूसर दिसतं. एका दिवसाच्या मेहनतीत दोन्हीकडचं काम होणार असेल, तर ४केचा त्रास घेण्यात अर्थ आहे.

एक उदाहरण शेवटपर्यंत करून बघू

समजा कोल्हापुरात एक ताई घरगुती कांदा-लसूण मसाला विकतात. त्यांना पाच मिनिटांचा एक आडवा व्हिडिओ आणि त्यातूनच तीन रील हवेत. मिरच्या निवडणं, भाजणं, कुटणं, पॅकिंग आणि ताईंचं बोलणं, असं मिळून ४० मिनिटांचं ४के शूट झालंय. आयफोनच्या हिशोबाने ते झालं साधारण ६.८ जीबी. लॅपटॉप सहा-सात वर्षांचा, ८ जीबी रॅमचा.

सॉफ्टवेअर म्हणून मी Kdenlive घेतो. ते मोफत आहे, विंडोजवर चालतं आणि फार जड नाही.

पहिलं काम फाइल नीट आणण्याचं. मोबाइलमधून लॅपटॉपवर केबलने कॉपी करा. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून डाउनलोड केलेली फाइल मूळ राहत नाही, व्हॉट्सॲप तिला दाबून लहान करतं. काही जण तिलाच प्रॉक्सी समजून वापरायला जातात. पण तिचं नाव बदललेलं असतं, कधी फ्रेमचा वेगही, त्यामुळे पुढे मूळ फाइलशी तिची जोडणी नीट होत नाही.

एकच फोल्डर करा, `Kanda_Lasun_Masala`. त्याच्या आत `01_original`, `02_project` आणि `03_export`. मूळ क्लिप पहिल्या फोल्डरमध्ये टाका आणि त्यानंतर त्यांचं नाव किंवा जागा बदलू नका. एडिटिंग सॉफ्टवेअर व्हिडिओ स्वतःच्या पोटात घेत नाही, फक्त "ती फाइल अमुक ठिकाणी आहे" एवढा पत्ता लक्षात ठेवतं. पत्ता बदलला की पाहुणा हरवला.

आता Kdenlive मध्ये नवीन प्रोजेक्ट उघडा आणि तो १०८०, ३० फ्रेमचा ठेवा. पहिली ४के क्लिप आत आणली की सॉफ्टवेअर विचारतं, प्रोजेक्ट क्लिपसारखा करू का? यूट्यूबला १०८० द्यायचं असेल, तर नको म्हणा. प्रोजेक्ट ४के झाला, तर शेवटचं रेंडरिंगही विनाकारण जड होईल.

मग Project Settings मध्ये Proxy या टॅबवर जा आणि प्रॉक्सी चालू करा. किती पिक्सेलपेक्षा मोठ्या व्हिडिओची प्रॉक्सी करायची, तो आकडाही तिथेच असतो. प्रॉक्सी कोणत्या प्रकारची हवी, त्याची यादीही तिथे मिळते. त्यात MJPEG दिसला तर तो घ्या, कारण त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण असते. हे सगळं क्लिप आत आणण्याआधी केलं, तर प्रॉक्सी आपोआप बनायला लागतात. आधीच आणलेल्या क्लिप असतील, तर त्यांच्यावर राइट क्लिक करून Proxy Clip निवडा.

आता धीर धरायचा. प्रॉक्सी बनवताना लॅपटॉपला तीच जड फाइल एकदा पूर्ण वाचावी लागते, त्यामुळे वेळ लागणारच. किती लागेल? एक मिनिटाची एकच क्लिप आधी करून घड्याळ लावा. समजा दोन मिनिटं लागली, तर ४० मिनिटांच्या शूटला ८० मिनिटं. म्हणजे चार्जर लावा, झोपेची सेटिंग बंद करा आणि जेवायला जा, किंवा रात्री लावून ठेवा. माझं मत विचाराल, तर प्रॉक्सीचा सगळ्यात मोठा फायदा इथेच आहे. लॅपटॉपचा त्रास संपत नाही, तो तुमच्या कामाच्या वेळेतून उचलून तुमच्या झोपेच्या वेळेत टाकला जातो. ताईंनी रात्री लावलं, सकाळी भाजणी-कुटणी उरकली, आणि दुपारी दोन तास शांतपणे एडिट केलं. अडकणं नाही, चिडचिड नाही.

प्रॉक्सी तयार झाली की क्लिपच्या चित्रावर P असं अक्षर दिसतं. ते सगळ्या क्लिपवर आलंय ना, बघा. मग नेहमीसारखं एडिट करा. कट, संगीत, टायटल, सगळं.

रीलसाठी उभा प्रोजेक्ट करून त्याच क्लिप कापून घ्या. प्रॉक्सीवर तो उभा तुकडा स्क्रीनवर धूसर दिसेल. घाबरू नका, बाहेर पडताना तो मूळ फाइलमधूनच निघणार आहे.

शेवटी Render. तिथे Render using proxy clips असा एक पर्याय असतो. त्यावर टिक नाही याची खात्री करा. बस्स, एवढंच.

दुसऱ्या सॉफ्टवेअरवर असाल तरी गाडी याच रस्त्याने जाते. डाव्हिन्ची रिझॉल्व्हमध्ये क्लिपवर राइट क्लिक करून Generate Proxy Media, आणि मग Playback मेनूत Proxy Handling खाली Prefer Proxies. फक्त रिझॉल्व्ह स्वतःच जड आहे, ८ जीबी रॅमवर ते प्रॉक्सीनेही कुरकुर करतं. प्रीमियरमध्ये क्लिपवर राइट क्लिक करून Proxy आणि मग Create Proxies, आणि प्रॉक्सी चालू-बंद करायला Toggle Proxies हे बटण.

कुठे गडबड होते आणि ती ओळखायची कशी

सगळ्यात जास्त होणारी गडबड म्हणजे चुकून प्रॉक्सीवरूनच व्हिडिओ बाहेर काढणं. तो ओळखायची एक सोपी खूण आहे. तयार व्हिडिओत तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेलं टायटल एकदम स्पष्ट दिसतं, पण शूटमधल्या मसाल्याच्या पाकिटावरची अक्षरं पुसट दिसतात. टायटल सॉफ्टवेअर पूर्ण आकारात बनवतं, आणि पाकीट आलंय छोट्या प्रॉक्सीतून. हा फरक दिसला, की रेंडरच्या त्या टिकेकडे जा. दोन्ही पुसट असतील, तर प्रोजेक्टचा आकार किंवा एक्सपोर्टची क्वालिटी कमी ठेवली गेलीय.

दुसरी गडबड म्हणजे ओठ आणि आवाज हळूहळू वेगळे पडणं. सुरुवातीला ठीक, आणि दहाव्या मिनिटाला ताईंचे ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो. यात बहुतेकदा प्रॉक्सीचा दोष नसतो. मोबाइल प्रकाश कमी-जास्त झाला की फ्रेमचा वेग थोडा बदलत राहतो, ३० म्हणून लिहिलेलं कधी २९ होतं, कधी २७. Kdenlive अशी क्लिप आणताना सूचना देतं आणि ती बदलून द्यायची तयारीही दाखवतं. तेव्हा हो म्हणा. दुसऱ्या सॉफ्टवेअरसाठी एफएफएमपेग या मोफत साधनाने स्थिर वेगाची नवी फाइल करता येते:

```
ffmpeg -i talk.mp4 -vf fps=30 -c:v libx264 -crf 18 -preset veryfast -c:a copy talk_30.mp4
```

ही नवी फाइल हीच आता तुमची मूळ. प्रॉक्सी तिच्यावरून करायची. क्रम उलटा केला, तर प्रॉक्सीवर बरोबर दिसलेला कट मूळ फाइलवर सरकतो.

तिसरी गडबड विचारांची आहे. एडिटिंग करताना प्रीव्ह्यूची क्वालिटी कमी करायचं एक बटण असतं, आणि अनेकांना वाटतं की झाली प्रॉक्सी. ते वेगळं. त्यात चित्र लहान दाखवलं जातं, पण फाइल तीच जड राहते, आणि तिची बेरीज लॅपटॉपला करावीच लागते. थोडा आराम पडतो, पण मूळ दुखणं जात नाही.

काही कामं मात्र प्रॉक्सीवर करायचीच नाहीत. फोकस बरोबर आहे का, पाकिटावरची तारीख वाचता येते का, अंधारातल्या शॉटमध्ये दाणे दिसतात का, हिरवा पडदा नीट कापला गेला का, हे सगळं लहान चित्रात कळत नाही. त्या एका क्लिपची प्रॉक्सी तात्पुरती बंद करा, चित्र थांबवून बघा, पुन्हा चालू करा.

आणि मूळ फाइल मोबाइलमधून उडवायची घाई नको. प्रॉक्सी हा बॅकअप नाही. प्रॉक्सी गेली तर पुन्हा बनवता येते, मूळ गेली तर शूटच पुन्हा करावं लागतं. व्हिडिओ अपलोड झाल्यावर जागा हवी असेल, तर प्रॉक्सी उडवा, मूळ एका बाहेरच्या डिस्कवर ठेवा.

मग नवा लॅपटॉप कधी घ्यायचा?

प्रॉक्सीने एडिटिंग मऊ होतं, रेंडरिंग वेगवान होत नाही. बाहेर पडताना लॅपटॉपला मूळ ४के फाइलशीच झुंजायचं असतं, त्यामुळे तिथे लागणारा वेळ लागणारच. आठवड्याला एक व्हिडिओ असेल, तर तो रात्रीत निघतो आणि काही बिघडत नाही. पण तुम्ही दुसऱ्यांची व्हिडिओची कामं घ्यायला लागलात, ग्राहक सकाळी शूट देऊन संध्याकाळी व्हिडिओ मागतोय, आणि प्रॉक्सीला रात्र मिळतच नाहीये, तर हिशोब बदलतो. तेव्हा लॅपटॉपमुळे महिन्याला किती कामं सोडावी लागली ते वहीत लिहा. त्या कामांचे पैसे हप्त्यापेक्षा जास्त भरत असतील, तर खुशाल घ्या. तो खर्च धंद्यातून निघेल.

तोवर, आज रात्री एक काम करा. तुमच्या सगळ्यात जास्त अडकणाऱ्या क्लिपची एक प्रॉक्सी बनवा, Task Manager उघडा, आणि आधीचा आणि नंतरचा CPU चा आकडा शेजारी शेजारी लिहून बघा. तो आकडा खाली आला, तर लॅपटॉपच्या दुकानात जायचं तूर्त काही कारण नाही.